निवृत्तीच्या वेळी मिळालेले रजेचे पैसे: त्यातले करमुक्त किती, हे स्वतः मोजायची रीत

एका कारखान्याच्या लेखा विभागात मी बरीच वर्षं फायनल सेटलमेंटचे कागद केले. निवृत्त होणारा माणूस शेवटच्या आठवड्यात टेबलाशी येऊन बसायचा आणि ग्रॅच्युइटी, पीएफ असं विचारत विचारत शेवटी रजेवर यायचा. 2023 पर्यंत प्रश्न असायचा, ‘‘तीन लाखांच्या वर टॅक्स बसणार ना?’’ त्यानंतर तो बदलला. आता माणूस बसायच्या आधीच सांगतो, ‘‘माझे पंचवीस लाखांच्या आत आहेत, म्हणजे सगळे माफ.’’

ते खरं नाही. पंचवीस लाख ही फक्त वरची हद्द आहे. तुमची करमुक्त रक्कम चार आकड्यांतून ठरते, आणि पंचवीस लाख हा त्या चारांतला एक. चारांतला सगळ्यात लहान आकडा तेवढा करमुक्त, उरलेला पगारात मिळवून त्यावर कर. हद्द वाढल्यापासून बहुतेकांच्या बाबतीत पंचवीस लाखांचा आकडा आड येतच नाही. आड येतो तो रजेच्या महिन्यांचा आकडा, आणि त्याकडे कुणी बघत नाही. म्हणून या लेखात त्याच आकड्याला जास्त जागा दिली आहे.

आधी हे बघा: हा हिशोब तुम्हाला करायचा आहे का?

तुम्ही केंद्र किंवा राज्य सरकारचे कर्मचारी असाल, तर निवृत्तीच्या वेळी शिल्लक अर्जित रजेचे मिळालेले सगळे पैसे करमुक्त असतात. त्यांना हद्द नाही, सरासरी नाही, काही नाही. मंत्रालयातला कारकून असो की टपाल खात्यातला अधिकारी, त्याने इथेच वाचन थांबवलं तरी चालेल.

बाकी सगळ्यांना हिशोब करावा लागतो. यात खासगी कंपन्या येतात, तशाच सरकारी मालकीच्या कंपन्या, महामंडळं आणि राष्ट्रीयीकृत बँकाही येतात. इथे लोक हमखास चुकतात. महावितरणमधून किंवा स्टेट बँकेतून निवृत्त झालेला माणूस स्वतःला सरकारी नोकर समजतो आणि बोलण्यात ते चालूनही जातं. पण आयकराच्या या तरतुदीपुरता तो ‘इतर कर्मचारी’च असतो. मालक सरकार असलं, तरी पगार देणारी संस्था वेगळी आहे.

दुसरी अट म्हणजे पैसे नोकरी संपताना मिळालेले हवेत. नोकरीत असताना दर वर्षी किंवा दोन वर्षांनी जी रजा विकता, तिचे पैसे पूर्ण करपात्र असतात, त्यात सवलत नाही. नोकरी संपणं म्हणजे मात्र फक्त वयाने निवृत्त होणं नव्हे. कायद्यातले शब्द ‘वयोमानाने किंवा अन्यथा’ असे आहेत, आणि राजीनामा देणाराही त्यात बसतो हे मुंबई उच्च न्यायालयानेही मान्य केलेलं आहे. कर्मचारी नोकरीत असतानाच वारला आणि रजेचे पैसे वारसांना मिळाले, तर त्यावर कर लागत नाही.

आणखी एक. सवलत अर्जित रजेलाच आहे. तिला कुठे ईएल म्हणतात, कुठे पीएल. काही कंपन्या निवृत्तीला आजारपणाच्या रजेचेही पैसे देतात. ती चांगली गोष्ट आहे, पण ते पैसे या हिशोबात धरायचे नाहीत. सेटलमेंटच्या कागदावर दोन्ही एकाच ओळीत लिहिलेले असतील, तर आधी वेगळे करून घ्या.

जुनी करप्रणाली की नवी, हा प्रश्न मला नेहमी येतो. ही सवलत दोन्हींत मिळते. नव्या प्रणालीत घरभाडे भत्त्याची सवलत गेली, 80सी गेलं, पण हे राहिलं.

चार आकडे

आयकर कायदा 1961 मधलं हे कलम `10(10AA)` आहे. ते आठवणीत ठेवा, कारण फॉर्म 16 वर आणि रिटर्नमध्ये हेच अंक दिसतील. त्यातले चार आकडे असे:

1. प्रत्यक्षात मिळालेली रक्कम
2. सरासरी मासिक पगार × 10
3. सरासरी मासिक पगार × शिल्लक रजेचे महिने (वर्षाला जास्तीत जास्त 30 दिवस धरून)
4. सरकारने ठरवलेली हद्द, म्हणजे 25,00,000

पहिला आकडा कंपनीच्या कागदावर असतो आणि चौथा सगळ्यांना सारखाच. मेहनत दुसऱ्या आणि तिसऱ्यासाठी आहे. त्या दोन्हींच्या मुळाशी सरासरी पगार असल्याने सुरुवात तिथून करू.

पहिली पायरी: सरासरी पगार काढा

निवृत्तीच्या लगेच आधीच्या दहा महिन्यांच्या पगारपावत्या काढा. 31 ऑक्टोबर 2025 ला निवृत्त झाला असाल, तर जानेवारी ते ऑक्टोबर 2025. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं म्हणून काही जण एप्रिलपासूनचे महिने घेतात, ते चूक आहे. इथे आर्थिक वर्षाचा काही संबंध नाही. निवृत्तीच्या तारखेपासून मागे दहा महिने मोजायचे. महिन्याच्या मधल्याच तारखेला राजीनामा दिला असेल, तरी त्या तारखेपासूनच मागे मोजायचं.

आता पगार म्हणजे काय? पावतीवरचा एकूण आकडा नव्हे. यात बेसिक येतं. महागाई भत्ता येतो, पण तो निवृत्तीच्या लाभांसाठी पगारात धरला जात असेल तरच. तुमच्या डीएवर पीएफ कापला जात होता का आणि ग्रॅच्युइटीत तो धरला का, हे बघा. धरला असेल तर इथेही घ्या. विक्रीवर ठरावीक टक्क्याने कमिशन मिळत असेल तर तेही येतं. घरभाडे भत्ता, वाहतूक भत्ता, स्पेशल अलाउन्स, बोनस, ओव्हरटाइम यांतलं काहीही येत नाही.

खासगी कंपन्यांत इथेच मोठा फटका बसतो. अनेक ठिकाणी बेसिक एकूण पगाराच्या निम्मंही नसतं आणि बाकी सगळं ‘स्पेशल अलाउन्स’ नावाच्या ओळीत असतं. अशी कंपनी रजेचे पैसे एकूण पगारावर देत असेल, तर हातात रक्कम मोठी येते, पण करमुक्तीचा हिशोब बारक्या बेसिकवर होतो. मधल्या फरकावर कर भरावा लागतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊन जाऊ. समजा, सुधाताई पिंपरीच्या एका खासगी कंपनीत 1 नोव्हेंबर 2000 ला लागल्या आणि 31 ऑक्टोबर 2025 ला निवृत्त झाल्या. बरोबर 25 वर्षं. त्यांच्या पावतीवर महिन्याला एकूण 1,05,000 रुपये दिसतात. त्यांच्याकडे डीए निवृत्तीच्या लाभांत धरतात.

जानेवारी ते मार्च 2025 त्यांचं बेसिक 60,000 आणि डीए 10,000, मिळून 70,000. एप्रिलला वाढ झाली आणि बेसिक 66,000, डीए 12,000, मिळून 78,000 झाले. एकूण पगार सोपेपणासाठी एप्रिलनंतरचा 1,05,000 धरू.

```
3 महिने × 70,000 = 2,10,000
7 महिने × 78,000 = 5,46,000
एकूण            = 7,56,000
सरासरी = 7,56,000 ÷ 10 = 75,600
```

कंपनी शेवटच्या पगारावर म्हणजे 78,000 वर रजेचे पैसे देते आणि कायदा 75,600 धरतो. महिन्याला 2,400 चा हा फरक पुढे पुन्हा भेटेल.

दुसरा आकडा इथेच मिळाला. 75,600 × 10 = 7,56,000.

दुसरी पायरी: रजेचे महिने काढा

सगळा घोळ इथे होतो. घाई करू नका.

कंपनीच्या कागदावर ‘शिल्लक रजा 360 दिवस’ लिहिलेलं असेल आणि तुम्ही 360 ला 30 ने भागून बारा महिने लिहाल, तर तो कंपनीचा हिशोब झाला. आयकराचा हिशोब वेगळा आहे. कायदा विचारतो की या मालकाकडच्या नोकरीच्या प्रत्येक वर्षाला तुम्हाला किती अर्जित रजा मिळत होती. ती 30 दिवसांपेक्षा जास्त असली, तरी धरायची 30 च. कंपनीने उदारपणे 36 दिवस दिले असतील, तर वरचे 6 कराच्या हिशोबातून गेले.

मग तीन गोष्टी हव्यात: नोकरीची पूर्ण वर्षं, कंपनीचा वर्षाला रजेचा दर, आणि पूर्ण नोकरीत घेतलेली अधिक मध्येच विकलेली रजा. शेवटची गोष्ट मिळवणं सगळ्यात कठीण. पंचवीस वर्षांत आपण किती रजा घेतल्या, हे कुणाच्या लक्षात असतं? मनुष्यबळ विभागाकडून रजेचा पूर्ण उतारा मागा आणि निवृत्तीच्या दोन-तीन महिने आधीच मागा. नंतर गेलात की ‘जुन्या सिस्टीममधला डेटा आहे, काढावा लागेल’ असं उत्तर ठरलेलं. आमच्याकडे जुन्या रजेची रजिस्टरं हिरव्या कापडी बांधणीची होती आणि निम्मी गोडाऊनमध्ये. एका फोरमनच्या 1998 ते 2004 च्या रजा शोधायला मला दोन दुपार लागल्या होत्या. वर त्यातली एक नोंद शिसपेन्सिलीत होती.

आता सुधाताई. त्यांची कंपनी वर्षाला 36 दिवस अर्जित रजा देत असे. पंचवीस वर्षांत 900 दिवस झाले. त्यातल्या 540 दिवसांच्या रजा त्यांनी घेतल्या किंवा मध्येच विकल्या. कंपनीच्या हिशोबाने शिल्लक 360 दिवस, म्हणजे 12 महिने. कंपनीने 12 × 78,000 = 9,36,000 रुपये दिले.

कराचा हिशोब असा:

```
25 वर्षं × 30 दिवस  = 750 दिवस
वजा घेतलेली रजा     = 540 दिवस
शिल्लक              = 210 दिवस = 7 महिने
7 × 75,600         = 5,29,200
```

कंपनीने बारा महिन्यांचे पैसे दिले आणि कायद्याने सातच महिने मानले. घेतलेली रजा मात्र दोन्हीकडे तेवढीच वजा झाली. बघायला हे जाचक वाटतं. 36 दिवसांच्या दराने मिळालेली रजा 30 दिवसांच्या खात्यातून वजा होते, त्यामुळे दर वर्षाचे 6 दिवस म्हणजे 25 वर्षांचे 150 दिवस, पाच महिने, पूर्णच्या पूर्ण सवलतीतून जातात. पण हिशोबाची रीत हीच आहे.

इथल्या तीन चुका मी वारंवार पाहिल्या. पहिली, वर्षांचा अपूर्णांक. 24 वर्षं 7 महिने नोकरी झाली तर रजेसाठी 24 च वर्षं धरतात, पंचवीस करून मोकळं व्हायचं नसतं. ग्रॅच्युइटीत सहा महिन्यांवरचं वर्ष पूर्ण धरतात, म्हणून लोक इथेही तसंच करतात.

दुसरी चूक उलट दिशेची आहे. 30 दिवस ही कमाल मर्यादा आहे. कंपनी वर्षाला 21 दिवसच अर्जित रजा देत असेल, तर 21 च धरायचे. ‘कायदा 30 देतो’ असं म्हणून 30 ने गुणलं तर कागदावर अशी रजा तयार होते, जी तुमच्याकडे कधीच नव्हती.

तिसरी, रद्द झालेली रजा. बऱ्याच कंपन्या ठरावीक दिवसांच्या वर रजा साठवू देत नाहीत, वरची वाया जाते. ती तुमच्या खात्यावर निवृत्तीच्या दिवशी नसते, म्हणून करमुक्तीसाठीही ती मोजता येत नाही. 30 च्या दराने काढलेली शिल्लक खात्यावरच्या प्रत्यक्ष शिल्लकीपेक्षा जास्त आली, तर समजा की रद्द रजेची नोंद सुटली आहे, आणि प्रत्यक्ष शिल्लकच घ्या.

तिसरी पायरी: आधी कुठे सवलत घेतली आहे का?

चौथा आकडा 25 लाख आहे, पण तो पूर्ण आयुष्यासाठी मिळून एकदाच आहे. पूर्वीची नोकरी सोडताना रजेच्या पैशांवर सवलत घेतली असेल, तर तेवढी रक्कम 25 लाखांतून वजा होते. 2016 मध्ये आधीच्या कंपनीकडून 2,40,000 मिळाले आणि त्यातले 1,80,000 करमुक्त धरले होते, तर आता हद्द 25,00,000 − 1,80,000 = 23,20,000. वजा करायची ती त्या वेळी करमुक्त धरलेली रक्कम. मिळालेली रक्कम वजा करायची नाही. एकाच वर्षात दोन मालकांकडून पैसे मिळाले, तरी दोघांना मिळून हद्द एकच.

इथे एक गंमत लक्षात घ्या. आधीच्या नोकरीची सवलत हद्दीतून वजा होते, पण आधीच्या नोकरीची वर्षं रजेच्या महिन्यांत मिळत नाहीत. 30 दिवसांचा हिशोब फक्त या मालकाकडच्या नोकरीचा.

हा 25 लाखांचा आकडा जुना नाही. आधी हद्द तीन लाख होती आणि ती 2002 मध्ये ठरवलेली. 2023 च्या अर्थसंकल्पात ती वाढवण्याची घोषणा झाली, मे 2023 मध्ये अधिसूचना निघाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू धरली गेली. त्याआधी निवृत्त झालेल्यांना तीन लाखांचीच हद्द लागते. त्यावरून काही जण अपील न्यायाधिकरणापर्यंत गेले, पण तो वेगळा विषय.

आणखी एक घोटाळा दूर करतो, कारण हल्ली तो फार होतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या ग्रॅच्युइटीची कमाल रक्कम 1 जानेवारी 2024 पासून 25 लाख झाली. त्यामुळे दोन ‘पंचवीस लाख’ फिरत असतात. त्या पंचवीस लाखांचा आणि या पंचवीस लाखांचा काही संबंध नाही. खासगी कर्मचाऱ्याच्या ग्रॅच्युइटीला वेगळं कलम आणि 20 लाखांची वेगळी हद्द आहे. रजा आणि ग्रॅच्युइटी दोन्हींची सवलत आपापल्या जागी स्वतंत्र मिळते, एकीमुळे दुसरी कमी होत नाही.

सुधाताईंची ही पहिलीच आणि शेवटची नोकरी, म्हणून त्यांचा चौथा आकडा पूर्ण 25,00,000.

चौथी पायरी: चारही समोर ठेवा

```
1. प्रत्यक्ष मिळाले      9,36,000
2. सरासरी × 10          7,56,000
3. सरासरी × 7 महिने      5,29,200
4. हद्द                25,00,000

सर्वांत लहान = 5,29,200 → करमुक्त
9,36,000 − 5,29,200 = 4,06,800 → करपात्र
```

25 लाखांच्या हद्दीपासून सुधाताई कितीतरी खाली होत्या, तरी चार लाखांच्या वर रक्कम करपात्र झाली.

त्यांची कंपनी वर्षाला 30 च दिवस देत असती, तर? तर 750 − 540 = 210 दिवस, दोन्ही हिशोबांत सारखेच. कंपनी 7 × 78,000 = 5,46,000 देती आणि करमुक्त 5,29,200 च होते. म्हणजे 16,800 करपात्र. हे 16,800 कुठून आले, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, कुणी कुणी कंपनीवर चिडूनही. ते आले सात महिन्यांच्या प्रत्येकी 2,400 फरकातून, पहिल्या पायरीवर जो दिसला तोच. शेवटच्या दहा महिन्यांत पगारवाढ झाली की एवढं थोडं उरतंच. त्यात कुणाची चूक नाही.

पाचवी पायरी: कर प्रत्यक्षात किती?

करपात्र रक्कम म्हणजे कर नव्हे. 4,06,800 वर सुधाताई खरंच किती देतील, हे बघू. एप्रिल ते ऑक्टोबर सात महिन्यांचा पगार 7,35,000. नव्या प्रणालीत प्रमाणित वजावट 75,000 वजा केली की 6,60,000. बँकेतल्या ठेवींचं व्याज 80,000 धरू. रजेची करपात्र रक्कम 4,06,800 मिळवली की एकूण 11,46,800. आर्थिक वर्ष 2025-26 मध्ये नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम 87ए ची सूट आहे. म्हणून कर शून्य.

आणि सवलत घेतलीच नाही, तर? उत्पन्न 16,76,000 होतं. त्यावर कर 1,35,200, आणि 4 टक्के उपकर धरून 1,40,608. लेखा विभागातल्या एखाद्याने `10(10AA)` ची ओळ रिकामी ठेवली की एवढे पैसे टीडीएस म्हणून कापले जातात. ते मग रिटर्न भरून परत मागायचे.

सुधाताई ऑक्टोबरला निवृत्त झाल्या, म्हणून त्या वर्षात पगार सातच महिन्यांचा होता. हेच 31 मार्चला घडलं असतं, तर बारा महिन्यांचा पगार आणि रजेची रक्कम मिळून उत्पन्न 12 लाखांच्या वर गेलं असतं आणि सूट हातची गेली असती. निवृत्तीची तारीख आपल्या हातात नसते, पण राजीनाम्याची असते. मार्चमध्ये नोकरी सोडायचा विचार असेल, तर ती एप्रिलपर्यंत लांबवून काय फरक पडतो, हे एकदा मांडून बघायला हरकत नाही.

सहावी पायरी: कागद आणि रिटर्न

फॉर्म 16 चा भाग ब आला की दोन ठिकाणं बघा. एकूण पगारात रजेचे पूर्ण 9,36,000 आले आहेत का, आणि खाली कलम 10 च्या सवलतींमध्ये `10(10AA)` च्या ओळीत 5,29,200 आहेत का. त्या ओळीत शून्य असेल, किंवा पूर्ण 9,36,000 असतील, तर दोन्ही चूक. दुसरी चूक जास्त गोड लागते म्हणून लोक ती दाखवत नाहीत. पण पुढे विचारणा झाली, तर हिशोब कंपनीला नाही, तुम्हाला मांडावा लागतो. कंपनीकडे दुरुस्तीची मागणी लेखी करा.

कंपनीने दुरुस्त केलं नाही, तरी सवलत बुडत नाही. रिटर्न भरताना स्वतः मागता येते. पोर्टलवर पगार पूर्ण भरायचा, रजेचे पैसे धरून, आणि मग `Allowances to the extent exempt u/s 10` या भागात `10(10AA)` निवडून करमुक्त रक्कम लिहायची. पगारातूनच रक्कम वजा करून कमी आकडा भरू नका. तो फॉर्म 16 शी जुळत नाही आणि पुढे नोटीस येते. फॉर्म 16 मध्ये नसलेली सवलत मागितली तरी विचारणा होऊ शकते, म्हणून वरचा चार आकड्यांचा हिशोब, दहा पगारपावत्या आणि रजेचा उतारा एका फाइलला लावून ठेवा.

`Nature of employment` या रकान्यात नीट निवडा. सरकारी मालकीच्या कंपनीतून निवृत्त झालात आणि राज्य सरकार निवडलं, तर फॉर्म पूर्ण रक्कम करमुक्त मानायला तयार होईल, कारण सरकारी कर्मचाऱ्याला हद्दच नाही. फॉर्मने मान्य केलं म्हणून ते बरोबर होत नाही.

1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू झाला आहे. त्यानंतरच्या निवृत्तीसाठी हा हिशोब कलम 19 मध्ये वजावट म्हणून येतो. चार आकड्यांची रीत तीच आहे. आर्थिक वर्ष 2025-26 मध्ये निवृत्त झालेल्यांचं रिटर्न मात्र जुन्या कायद्याने आणि `10(10AA)` नेच भरायचं, ते प्रत्यक्ष 2026 च्या जूनमध्ये भरत असलात तरी.

निवृत्तीला अजून वर्ष-दीड वर्ष असेल, तर आज एकच काम करा. मनुष्यबळ विभागाला ईमेल टाकून तुमच्या सुरुवातीपासूनच्या अर्जित रजेचा वर्षवार उतारा मागा: किती मिळाली, किती घेतली, किती विकली, किती रद्द झाली. उतारा आला की जुन्या वर्षांतल्या दोन-चार नोंदी आठवणीशी ताडून बघा. लग्न, बाळंतपण, मोठं आजारपण, गावाकडचं घर बांधलं ते वर्ष, यांच्या रजा लोकांना लक्षात असतात, आणि उताऱ्यातल्या चुकाही बहुतेक तिथेच सापडतात.